पाव टक्का

आमच्या वर्तमानपत्राच्या कर्मचाऱ्यांची एक सहकारी पतसंस्था आहे. तिचं नाव लांबलचक आहे. बडोद्यात सगळे तिला नुसतं सोसायटी म्हणतात, आणि तिच्या अध्यक्षांना प्रमुख. सभासद तीनशे चाळीस: छपाई विभाग, वितरण, जाहिरात, हिशेब आणि संपादकीय. पगारातून दर महिन्याला शेअरची आणि सक्तीच्या बचतीची रक्कम कापली जाते, त्यातूनच सभासदांना कर्ज मिळतं. ज्याला कर्ज हवं त्याने सभासदांपैकी दोन जामीनदार आणायचे. लग्न, मुलांची फी, छाणीकडे घेतलेल्या फ्लॅटचा पहिला हप्ता अशी आमच्यातल्या बहुतेकांची कामं याच कर्जावर झाली आहेत. मीही दोनदा घेतलं आहे.

ही हकीकत एका वार्षिक सभेची आहे. तिथे खजिनदारांनी तीन मिनिटांचं निवेदन केलं. ते मी लिहून दिलं होतं.

खजिनदार वितरण विभागातले. आमच्यासारखेच बडोद्यातले मराठी, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती बोलणारे. हिशेबात चोख, पण चार माणसांपुढे उभं राहिलं की वाक्यं अडखळायची. सभेच्या आठ दिवस आधी ते माझ्या टेबलाशी आले. हातात वहीची दोन पानं.

"साहेब, एवढं जरा बसवून द्या. प्रमुखसाहेब म्हणतात, तीन मिनिटांच्या वर गेलात तर घंटी वाजवीन."

"घंटी आहे का त्यांच्याकडे?"

"शाळेतली आणलीय. गेल्या वर्षी सेक्रेटरींचा अहवाल चालू असताना लोक उसळ खायला गेले होते ना."

मी पानं वाचली. सुरुवात अशी होती: 'सर्वप्रथम एका निवृत्त सभासदाच्या अर्जाकडे मी सभेचं लक्ष वेधू इच्छितो.'

तो निवृत्त सभासद मला ठाऊक होता. छपाईच्या मशीनवर त्यांनी तीस वर्षांवर काढली. शहर आवृत्तीचं पान उशिरा गेलं की ते फोन करायचे आणि एवढंच म्हणायचे, "साहेब, मशीन उभं आहे." त्यात तक्रार नसे. मी त्यांना भाऊ म्हणत असे. मूळचे खानदेशातले, वडील रेल्वेत होते म्हणून बडोद्यात वाढलेले.

भाऊ एका सहकाऱ्याला जामीन राहिले होते. त्या सहकाऱ्याने काही हप्ते भरले, मग नोकरी सोडली, सुरतेला गेला आणि फोन बदलला. मुद्दल एक लाख चाळीस हजार राहिलं. दुसरे जामीनदार वारले. नियमाप्रमाणे सोसायटीने भाऊंना लगेच नोटीस द्यायला हवी होती. ती दिली गेली नाही. कर्जदार परत येईल, उगाच ज्येष्ठ माणसाला त्रास नको, असं तेव्हाच्या कमिटीचं म्हणणं होतं, असं आता सांगतात. पाच वर्षं गेली. भाऊ निवृत्त झाले तेव्हा त्यांचे शेअर आणि सगळी सक्तीची बचत मिळून जी रक्कम व्हायची, तिच्यातून सोसायटीने मुद्दल वळतं करून घेतलं, अठ्ठ्याहत्तर हजार व्याज घेतलं आणि वर बावीस हजार दंडव्याज घेतलं. एकूण दोन लाख चाळीस हजार. हातात आलं ते फार थोडं.

भाऊंनी मुद्दलाबद्दल आणि व्याजाबद्दल काही म्हटलं नाही. सही आपली आहे, म्हणाले. त्यांचा अर्ज फक्त बावीस हजारांचा होता. 'मला वेळेवर कळवलं असतं तर मी वेळेवर भरलं असतं. उशीर माझ्यामुळे झालेला नाही. दंड परत मिळावा.' कमिटीने अर्जावर शेरा मारला की असा निर्णय साधारण सभाच घेऊ शकते. विषयपत्रिका मात्र आधीच छापून झाली होती. अर्ज गेला शेवटच्या क्रमांकावर: अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय.

खजिनदारांची अडचण इथे होती. नफा वाटपाचा ठराव विषयपत्रिकेत चौथा होता. तो एकदा मंजूर झाला की नफ्यातला रुपया न् रुपया कुठे ना कुठे लागलेला असतो. मग शेवटच्या विषयात सभेला कितीही दया आली तरी देणार कुठून? म्हणून त्यांना हा अर्ज आपल्या निवेदनातच, लाभांशाचा आकडा सांगण्याआधी मांडायचा होता. शेअर वळते झाल्यामुळे भाऊ सभासद राहिले नव्हते. त्यांना स्वतःला सभेत बोलता येणार नव्हतं.

खजिनदारांनी हे मला नीट समजावून सांगितलं. मला ते समजलं. आणि तरीही मी त्यांचा मजकूर फिरवला.

"बातमी काय आहे?" मी त्यांना विचारलं. "नफा वाढला आणि लाभांश वाढतोय. ती वर हवी. लोक त्यासाठी येतात. ते झालं की शांतपणे अर्ज मांडा, ऐकतील."

"मागे राहणार नाही ना पण?"

"तीन मिनिटांत सगळं बसवतो."

बसवलंही. घड्याळ लावून त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. दोन मिनिटं पन्नास सेकंद. डेस्कवर मी इतकी वर्षं काढली आहेत, पानात जागा कमी पडली की बातमी खालून कापायची हे मला झोपेतही कळतं. म्हणूनच आम्ही जे कापलं तरी चालेल ते खाली ठेवतो. भाऊंचा परिच्छेद मी खाली ठेवला.

सभा रविवारी सकाळी, सयाजीगंजमधल्या एका ट्रस्टच्या हॉलमध्ये. दारात सही करायची, की हातात एक कुपन मिळतं. सभा संपली की कुपन देऊन सभासद भेट घ्यायची. त्या वर्षी झाकणासकट स्टीलची तपेली होती. तपेल्यांची खोकी व्यासपीठाच्या बाजूलाच रचलेली होती आणि मागच्या दाराने सेव-उसळीचा वास येत होता. हॉल भरला होता.

पहिल्या रांगेत निवृत्तांसाठी खुर्च्या होत्या. वर्षभरात जे निवृत्त होतात त्यांना सभेत शाल देण्याची आमची पद्धत आहे. सहा जण होते. भाऊ कडेला बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर प्लास्टिकची फाईल. मी त्यांच्या मागच्या रांगेत बसलो. त्यांनी वळून विचारलं, "साहेब, माझं कितव्या नंबरला?"

"खजिनदार बोलतील तेव्हाच येईल, भाऊ."

त्यांनी मान हलवली आणि फाईल सरळ केली.

पहिले तीन विषय पंधरा मिनिटांत झाले. मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर, वार्षिक अहवाल मंजूर, ताळेबंद मंजूर. सभा गुजरातीत चालते, पण 'मंजूर' दोन्हीकडे एकच आहे. मग खजिनदार उठले. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मी लिहिलेलं, त्यांनी गुजरातीत केलेलं. त्याचा मराठी मजकूर माझ्याकडे आहे:

'सभासद बंधू-भगिनींनो, या वर्षी आपल्या सोसायटीचा निव्वळ नफा दहा लाख चाळीस हजार रुपये आहे. गेल्या वर्षी तो आठ लाख होता. आपला नफा कसा होतो ते थोडक्यात सांगतो. आपण कर्जावर व्याज भरतो. आपल्या बचतीवर सोसायटी आपल्याला व्याज देते. या दोहोंतला जो फरक राहतो त्यातून कारकुनांचा पगार, जागेचं भाडं, ऑडिट फी आणि बुडीत कर्जाची तरतूद वजा होते. उरतं तो नफा. म्हणजे तो बाहेरून आलेला नाही, आपल्याच खिशातून आलेला आहे.'

हे शेवटचं वाक्य खजिनदारांचं स्वतःचं होतं, मी फक्त विरामचिन्हं घातली होती.

'कायद्याप्रमाणे नफ्याचा चौथा हिस्सा, म्हणजे दोन लाख साठ हजार, राखीव निधीत जाईल. साठ हजार शिक्षण आणि इतर निधींना. उरलेले सात लाख वीस हजार सभासदांना लाभांश म्हणून द्यावेत अशी कमिटीची शिफारस आहे. आपलं भागभांडवल साठ लाख आहे. गेल्या वर्षी आपण नऊ टक्के लाभांश दिला होता. या वर्षी कमिटी बारा टक्के सुचवते.'

टाळ्या वाजल्या. मागून कोणी ओरडलं, "बार टका! खजानची साहेब, मों मीठुं करावो!" बारा टक्के, तोंड गोड करा, म्हणजे. आणखी टाळ्या. एका सूचकाने उभं राहून नाव सांगितलं, एका अनुमोदकाने सांगितलं. ही माणसं आधीच ठरलेली असतात, दरवर्षी. प्रमुख माईकवर वाकले: "नफा वाटपाचा ठराव. मंजूर?"

"मंजूर, मंजूर." हात वर झाले.

"सर्वानुमते."

खजिनदार अजून उभेच होते. कागद हातात. ते म्हणाले, "साहेब, एक परिच्छेद राहिलाय."

"अहवालात छापलंय ना भाई सगळं," प्रमुख हसत म्हणाले. "घरी जाऊन वाचतील. मी घंटी वाजवली नाही, ते तरी बघा!"

हशा झाला. खजिनदारांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते बसले.

न वाचलेला परिच्छेद असा होता: 'गेल्या वर्षीपेक्षा जे दोन लाख चाळीस हजार जास्त दिसतात ते एकाच जुन्या खात्याच्या वसुलीचे आहेत. त्या कर्जासाठी आपण तरतूद करून ठेवली होती आणि त्याचं व्याज उत्पन्नात धरलं नव्हतं. वसुली झाल्यामुळे ते सगळं या वर्षीच्या नफ्यात आलं. पुढच्या वर्षी ते येणार नाही. ही रक्कम कर्जदाराने नाही, जामीनदाराने भरली. त्यातलं बावीस हजार दंडव्याज परत मिळावं असा त्यांचा अर्ज आहे. सभेने तो मान्य केला तर लाभांश बाराऐवजी पावणेबारा टक्के होईल. आधी अर्जावर निर्णय घ्यावा, मग दर ठरवावा ही विनंती.'

चाळीस सेकंद.

छापील अहवालात याबद्दल एक ओळ होती, परिशिष्टात: 'संशयित कर्जावरील तरतूद परत.' भाऊंचं नाव नाही, अर्जाचा उल्लेख नाही. ही ओळ वाचून काय घडलं ते ओळखणारे त्या हॉलमध्ये पाच-सहा असतील, आणि ते व्यासपीठावर बसले होते.

ऑडिटरची नेमणूक झाली. पोटनियमातली एक दुरुस्ती झाली. मग सत्कार. भाऊंचं नाव पुकारलं तेव्हा छपाई विभागाच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. प्रमुखांनी शाल घातली, नारळ दिला, माईकवर म्हणाले, "काकांनी तीस वर्षं मशीन बंद पडू दिलं नाही. सोसायटीचा एक हप्ता चुकवला नाही. असे सभासद आता मिळत नाहीत." भाऊंनी हात जोडले. फाईल त्यांनी खुर्चीवर ठेवली नव्हती, काखेत होती, त्यामुळे शाल एका बाजूने नीट बसली नाही.

शेवटचा विषय आला तेव्हा मी उठलो. तोवर अर्धा हॉल कुपनं काढून उभा होता. मी अर्जाबद्दल सांगितलं. रक्कम सांगितली, उशीर कोणाचा ते सांगितलं, पाव टक्क्याचा हिशेब सांगितला. वीस हजारांचे शेअर असलेल्याला पन्नास रुपये कमी मिळतील, म्हणालो.

प्रमुख शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमची भावना सगळ्यांची आहे. पण वाटपाचा ठराव झाला. तुम्ही पण हात वर केलात. आता एक रुपया शिल्लक नाही, द्यायचा कुठून?"

मी हात वर केला होता, हे खरं. बाजूचे सगळे करत होते.

"ठराव परत उघडता येईल," खजिनदार बसूनच म्हणाले.

"बार टका सांगून पावणेबार करायचे?" वितरणमधला एक जण मागून म्हणाला. "खजानची साहेब, तुम्ही मीठुं करावणार होतात ना, कडवुं नहि!"

दुसरा म्हणाला, "जामीन राहायला आपण सांगितलं होतं का काकांना? सही करताना नास्ता त्या कर्ज घेणाऱ्याकडेच झाला असेल."

हसले. सगळे नाही, पण बरेच. तो म्हणणारा वाईट माणूस नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाच्या कर्जाला मी जामीन आहे. ते मला तिथे उभं असतानाच आठवलं.

"अर्ज कमिटीकडे ठेवतो," प्रमुख म्हणाले. "सहानुभूतीपूर्वक विचार करू. चालो, आभार." राष्ट्रगीतासाठी सगळे उभे राहिले.

बाहेर पायऱ्यांवर भाऊ थांबले होते. शाल घडी करून फाईलवर ठेवली होती. माझ्या हातात तपेलीचं खोकं होतं. ते घेताना मी कुपन देण्याच्या रांगेत उभा राहिलो होतो, हे मी इथे नोंदवतो.

"तुम्ही म्हणालात खजिनदार बोलतील तेव्हा येईल," ते म्हणाले.

"त्यांना बोलू दिलं नाही, भाऊ."

"बोलले की. नफा बोलले, टक्के बोलले. माझं शेवटी का ठेवलं होतं?"

खजिनदार मागून आले होते. ते म्हणाले, "माझ्याकडून राहिलं, भाऊ." निदान तिथे तरी मी बोलायला हवं होतं. मी रिक्षा बघू लागलो.

महिन्याभरात कमिटीचं पत्र गेलं: नफा वाटपाचा ठराव साधारण सभेने सर्वानुमते मंजूर केलेला असल्याने अर्जाचा विचार करता येत नाही. पत्राची भाषा तपासायला माझ्याकडे आली नव्हती. निर्दोष होती.

लाभांश खात्यांत जमा झाला त्या आठवड्यात मी आणि खजिनदारांनी एक कागद फिरवला. ज्याला वाटेल त्याने पाव टक्का परत द्यावा. कोणाचे पन्नास, कोणाचे चाळीस, नव्या लोकांचे दहा-वीस. यातून बावीस हजार पुरे झाले नसते, राखीव निधीत गेलेला भाग आमच्या हातात नव्हता. तरी सगळ्यांनी दिलं असतं तर पंधरा हजार होत होते. आम्ही विभागाविभागात गेलो. लोक वाईट बोलले नाहीत. "आत्ता सुट्टे नाहीत" म्हणाले, "यूपीआय करतो" म्हणाले, "बाकीचे देतायत का?" म्हणाले. संपादकीयमधल्या एकाने मला यावर छान लेख होईल असं सुचवलं, पैसे दिले नाहीत. एकतीस जणांच्या सह्या झाल्या. एक हजार चारशे पन्नास रुपये.

मी ते घेऊन छाणीला भाऊंच्या घरी गेलो. खजिनदार येतो म्हणाले होते, आले नाहीत. ताप आहे, म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांनी पदाचा राजीनामा दिला, तेव्हा तब्येतीचंच कारण लिहिलं.

भाऊंकडे दुपारचा चहा झाला. वहिनी आत-बाहेर करत होत्या, बसल्या नाहीत. मी पाकीट आणि सह्यांचा कागद पुढे केला. भाऊंनी पाकीट बाजूला ठेवलं आणि कागद घेतला. बोट ठेवून एकेक नाव वाचलं. मला वाटलं संपादकीयची नावं बघत असतील. ते मशीन विभागाची बघत होते. चार होती.

एकाचं नाव त्यांनी घेतलं. त्याला त्यांनीच मशीनवर शिकवलं होतं, आता त्यांच्या जागी तोच आहे. "याची सही नाही."

"रजेवर होता," मी म्हणालो.

भाऊंनी कागदावरची तारीख बघितली. "रजेवर नव्हता. त्या दिवशी त्याने मला मशीनवरून फोन केला होता. रोलर घासत होता, काय करू विचारत होता. मी पाऊण तास फोनवर होतो."

त्याने मला सांगितलं होतं की काकांचं नि सोसायटीचं आहे, मला त्यात पाडू नका. हे मी भाऊंना सांगितलं नाही. तीस वर्षं मी लोक काय म्हणाले तेच जसंच्या तसं लिहून पगार घेतला आहे.

मग त्यांनी पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, दोनदा. कपाटातून डायरी आणली. तिच्यात एका पानावर सोसायटीचा हिशेब होता: मुद्दल, व्याज, दंडव्याज. दंडव्याजाखाली त्यांनी बावीस हजारांतून एक हजार चारशे पन्नास वजा केले आणि लिहिलं: बाकी वीस हजार पाचशे पन्नास.

"पैसे नको म्हणाल असं वाटलं होतं," मी म्हणालो.

"का नको? माझे आहेत."

डायरी त्यांनी माझ्याकडे फिरवली आणि पेन दिलं.

"इथे सही करा," ते म्हणाले. "बाकीच्या आकड्याखाली."

मी सही केली.